सारखं म्हणजे तेच नव्हे

दुधाचा हिशेब बहुतेक घरांत स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच असतो. सोमवारी १ लिटर, मंगळवारी १ लिटर, बुधवारीही १ लिटर. आता समजा, एखाद्या शहाण्यानं वरच्या तारखा हाताने झाकल्या आणि म्हटलं, "अहो, हे एकच वाक्य तुम्ही तीस वेळा लिहिलंय की! एक ठेवतो, बाकीची खोडतो." तर महिन्याचं दूध १ लिटरच झालं! दूधवाला हे ऐकून काय म्हणेल ते सांगायला नको.

हसू येतं ना? पण कॉम्प्युटरवरच्या एक्सेलमध्ये Remove Duplicates नावाचं जे बटण आहे, ते अगदी असंच वागतं. आणि तारखा झाकायचं काम आपणच करत असतो. शाळा, सोसायट्या, भिशी, महिला मंडळं, सगळ्यांच्याच याद्या आता एक्सेलमध्ये असतात. तेव्हा हे बटण कसं चालतं, ते आपल्याला ठाऊक असलेलं बरं. मला ते ठाऊक झालं आमच्या शाळेच्या सहलीमुळे.

मी सकाळच्या वेळात एका शाळेत अर्धवेळ शिकवते. सहलीला ४८ मुलं जायची होती. माणशी १,८०० रुपये, दोन हप्त्यांत भरायचे. प्रत्येक हप्ता ९०० रुपयांचा, पण ज्यांना जमेल तसे त्यांनी द्यावेत अशी सवलतही होती. त्यामुळे काहींनी आधी १,००० आणि नंतर ८०० असे दिले. ऑफिसातला नवा मुलगा पावती फाडायचा आणि संध्याकाळी सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये चढवायचा. एका ओळीत अनुक्रमांक, पावती क्रमांक, तारीख, मुलाचं नाव, तुकडी आणि रक्कम.

सहल चार दिवसांवर आली आणि मुलांच्या दप्तरांतून घरोघरी चिठ्ठ्या गेल्या, "आपल्या पाल्याचे ९०० रुपये बाकी आहेत. उद्यापर्यंत न भरल्यास सहलीस नेता येणार नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वर्गाच्या दाराशी एका मुलीची आई उभी. ही बाई पोळी-भाजीचे डबे करून घर चालवते. हातात रुमालात गुंडाळलेल्या दोन पावत्या. "बाई, मी दोन्ही हप्ते भरलेत हो. पोरगी रात्रभर रडतेय." पावत्या पाहिल्या, दोन्ही आमच्याच, शिक्क्यासकट. मागोमाग आणखी दोघी तशाच तक्रारी घेऊन आल्या. मग मात्र मी मधल्या सुट्टीत ऑफिसात जाऊन बसले.

मुलगा बिचारा घाबरलेला. "बाई, मी काहीच पुसलं नाही. फक्त डबल झालेल्या नोंदी काढल्या," म्हणाला. आणि ते खरं होतं. एका दिवसाच्या १४ नोंदी त्याच्याकडून दोनदा चिकटवल्या गेल्या होत्या. यादीत खऱ्या नोंदी ९० आणि जादा १४, मिळून १०४ ओळी झाल्या होत्या. त्या १४ काढण्यासाठी त्यानं Data या भागातलं Remove Duplicates दाबलं. दाबल्यावर एक चौकट उघडते. तिच्यात आपल्या रकान्यांची नावं असतात आणि प्रत्येकापुढे टिचकीची खूण. आधी सगळ्यांपुढेच खूण असते. त्यानं तशीच OK केली, तर उत्तर आलं, No duplicate values found. म्हणजे दुबार काहीच नाही!

असं का झालं? कारण पहिला रकाना अनुक्रमांकाचा. १ पासून १०४ पर्यंत प्रत्येक ओळीला वेगळा आकडा. सगळे रकाने तपासायला सांगितले की अनुक्रमांकही तपासला जातो, आणि तो कधीच सारखा नसतो. तेव्हा एक्सेलच्या मते १०४ ओळी १०४ प्रकारच्या. इथे फक्त अनुक्रमांकाची खूण काढायला हवी होती. त्या मुलानं Unselect All दाबून सगळ्याच खुणा काढल्या आणि नाव व रक्कम एवढ्या दोनच ठेवल्या. त्याचा हिशेब साधा होता. एकाच मुलाची तीच रक्कम दोनदा आली, तर ती डबलच असणार.

आता कॅलेंडरच्या तारखा झाकल्या गेल्या. एक्सेल फक्त खूण केलेल्या रकान्यांत पाहतं. तिथे दोन ओळी सारख्या दिसल्या, की वरची ठेवतं आणि खालची काढतं. काढताना मात्र नुसतं नाव आणि रक्कम काढत नाही, पावती क्रमांक, तारीख, तुकडी असं त्या ओळीतलं सारंच जातं. तपासायला दोन रकाने, पण पुसायला सगळे! आणि काढलेल्या ओळी बाजूला ठेवत नाही, दाखवतही नाही.

पूर्ण पैसे भरलेली मुलं ४२ होती. त्यांतल्या ३० जणांनी सांगितल्याप्रमाणे ९०० आणि ९०० भरले होते. नाव तेच, रक्कम तीच, म्हणून त्यांचा दुसरा हप्ता दुबार ठरून उडाला. उरलेल्या १२ जणांनी १,००० आणि ८०० भरले होते. रकमा वेगळ्या, म्हणून त्यांच्या दोन्ही नोंदी टिकल्या. म्हणजे नियमानं वागले ते थकबाकीदार, आणि सवडीनं वागले ते चोख! उरली ६ मुलं, त्यांनी खरंच एकच हप्ता भरला होता. चिठ्ठ्या गेल्या ३६, त्यांतल्या खऱ्या ६.

बटण दाबल्यावर एक्सेलनं सांगितलंही होतं: 44 duplicate values found and removed, 60 unique values remain. ४४ काढल्या, ६० राहिल्या. इथेच कोणी दचकायला हवं होतं, कारण दुबार ओळी तर १४ होत्या. पण किती दुबार आहेत हे आधी मोजलेलंच नव्हतं, मग ४४ हा आकडा जास्त आहे हे कळणार कसं? ४८ मुलांची नावं यादीत जागच्या जागी दिसत होती. एकही मूल गळलं नव्हतं, म्हणून सगळं नीट आहे असंच वाटलं.

चूक पकडून दिली ती पैशांच्या बेरजेनं. जमा झालेले पैसे होते ८१,००० रुपये. यादीतल्या रकमेच्या रकान्याची बेरीज आली ५४,०००. फरक २७,००० चा, म्हणजे बरोबर ३० वेळा ९००. मी त्या मुलाला तारखांचा रकानाही दाखवला. वरची ओळ राहते आणि खालची जाते, म्हणून त्या तिसांपैकी प्रत्येकाचा पहिला हप्ता शाबूत होता आणि नंतरचाच नाहीसा झालेला. लोक पैसे बुडवतात तेव्हा इतके शिस्तीत बुडवत नाहीत!

बटण दाबल्या दाबल्या Ctrl+Z केलं असतं तर सगळ्या ओळी परत आल्या असत्या. पण त्यानं फाइल साठवून बंद केली होती, आणि फाइल बंद झाली की Ctrl+Z चा उपाय संपतो. वेगळी प्रतही ठेवलेली नव्हती. शेवटी पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती काढल्या. त्या ९० भरल्या. मी वाचत गेले, तो चढवत गेला. दीड तास लागला. मुख्याध्यापिकाबाईंनी तिसांच्या घरी चूक कळवणाऱ्या चिठ्ठ्या त्याच दिवशी पाठवल्या. पण डबेवाल्या आईला मी घरी जाऊन सांगितलं. "पावत्या फेकल्या असत्या तर?" एवढंच तिनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

मग हे काम नीट कसं करायचं? पहिलं म्हणजे त्या पानाची एक प्रत काढून घ्यायची आणि ओळींची संख्या व रकमेची बेरीज कागदावर टिपून ठेवायची. मग स्वतःला विचारायचं की दोन ओळी खरोखर एकच आहेत, हे कशावरून ठरतं? नाव आणि रक्कम सारखी असू शकते. पावती क्रमांक मात्र दोन हप्त्यांचा कधीच एक नसतो. म्हणून त्याच्यापुढे खूण हवीच. आमच्या यादीत अनुक्रमांक सोडून बाकी सगळ्या रकान्यांपुढे खूण ठेवली असती, तर नेमक्या १४ ओळी गेल्या असत्या.

याहून सुरक्षित रीत म्हणजे पुसण्याआधी डोळ्यांनी पाहणं. पावती क्रमांक B रकान्यात असेल, तर शेवटच्या मोकळ्या रकान्यात, पहिल्या नोंदीसमोर हे लिहायचं आणि खालपर्यंत ओढत न्यायचं:

```
=COUNTIF($B$2:B2,B2)
```

पावती पहिल्यांदा आली असेल तिथे 1 दिसतो, तीच पुन्हा आली असेल तिथे 2. मग फिल्टर लावून फक्त 2 वाल्या ओळी पाहायच्या. १४ निघाल्या, सगळ्या त्या एकाच दिवसाच्या निघाल्या, की खुशाल काढा. ४४ निघाल्या तर हात आवरा.

एक मात्र लक्षात ठेवा. जास्त रकाने तपासले तर एखादी खरी दुबार ओळही मागे राहू शकते. नावापुढे चुकून एक मोकळी जागा पडली, तरी एक्सेल त्याला वेगळं नाव समजतं. राहिली तर राहू द्या. उरलेली जादा ओळ नजरेला पडते आणि पुन्हा काढता येते, पण गेलेली ओळ दिसत नाही.

मंडळाच्या यादीतही हेच होतं. फोन नंबरापुढेच खूण केली, तर एकाच घरातल्या सासू-सुनांपैकी एकीचं नाव जातं, कारण दोघींनी घरचा एकच नंबर दिलेला असतो. जाते तीही बहुधा सूनच, कारण यादीत सासूबाईंचं नाव वर असतं!