सांगलीच्या पेढीला पत्र

ठाण्यात मसाल्याचं दुकान काढताना हळकुंडं थेट सांगलीहून आणायची, हे मी ठरवून ठेवलं होतं. पण अनोळखी किरकोळ दुकानदाराला घाऊक पेढी सहसा आधी पैसे मागते, मग माल पाठवते. म्हणून फोनऐवजी पत्र लिहिलं: आपल्या पेढीवर माझ्या दुकानाचं खातं उघडावं.

पहिल्या परिच्छेदात दुकानाचा पत्ता, जीएसटी क्रमांक, अन्न परवान्याचा क्रमांक आणि बँकेची शाखा दिली. महिन्याला शंभर किलो राजापुरी हळकुंडं लागतील, असंही लिहिलं. आकडा फुगवला नाही, कारण उधारी किती द्यायची हे पेढी त्यावरूनच ठरवते.

सगळ्यात जास्त विचार वानगीवर केला. मूठभर वानगी निवडून पाठवता येते, त्यावरून पोत्याचा अंदाज येत नाही. म्हणून दोन वेगवेगळ्या लॉटची पाच-पाच किलो हळकुंडं विकत मागितली. पिशवीवर लॉट क्रमांक लिहावा, आणि मोठा माल त्याच लॉटचा असावा, ही अट घातली. पाच किलो माल असला की दळून बघता येतो.

वानगी आल्यावर आधी हळकुंडं मोडली. पहिल्या लॉटची कडकन तुटली, आतून गडद केशरी निघाली. दुसऱ्यातली काही नुसती वाकली. ओल राहिली होती. असा माल वजनाला भरतो, पण दळताना तूट येते आणि साठवला तर बुरशी धरतो. शिवाय ओल्या पांढऱ्या फडक्याने घासल्यावर दुसऱ्याचा पिवळा रंग भसाभसा उतरला. पॉलिश करताना वरून रंग दिल्याचा संशय आला, म्हणून तो लॉट सोडला. रंगात नेमकं काय आहे, हे मात्र प्रयोगशाळाच सांगू शकते. पहिल्या लॉटमधली अर्धा किलो हळकुंडं सील करून ठेवली, पोती आली की ताडून बघायला.

उधारीबद्दल पत्रात लिहिलं होतं: पहिल्या दोन खेपा रोख. त्यानंतर निम्मे पैसे माल उतरताना, निम्मे पंधरा दिवसांनी. बाकी कधीही दहा हजारांवर जाणार नाही. रोखीचा आणि उधारीचा भाव वेगवेगळा कळवा, हेही मुद्दाम विचारलं. उत्तर आलं: रोखीने किलोला १६०, उधारीने १६४. चार रुपये किरकोळ वाटतात. पण निम्मेच पैसे उधार राहणार आणि वाढीव भाव सगळ्या मालावर लागणार. शंभर किलोवर चारशे रुपये जास्त, तेही आठ हजार पंधरा दिवस वापरायला मिळावेत म्हणून. हे महिन्याला दहा टक्के पडतं. कुठल्याही बँकेचं कर्ज याहून स्वस्त.

मी परत लिहिलं, वाढीव भाव फक्त उधार राहणाऱ्या पन्नास किलोला लावा. शेटजींचा फोन आला. "ताई, दोन खेपा रोखीत होऊ द्या, मग तसंच करू." मी शब्दावर न थांबता हेच दोन ओळींत लिहून पाठवायला सांगितलं. ते आल्यावर पहिल्या शंभर किलोंचे पैसे भरले.