सावकाश, मग सलग

आमच्या पिढीतल्या मुलांच्या जिभेला पहिलं वळण शाळेत लागलं नाही, ते पापडाच्या पाटाभोवती लागलं. चैत्र संपता संपता उडदाचं पीठ पापडखार घालून भिजायचं, तेलाचा हात लावून वरवंट्याखाली कुटलं जायचं आणि मग आळीतल्या साऱ्या बायका पोळपाट-लाटणं काखेत मारून आमच्या माजघरात जमायच्या. लाट्या तोडायला मोठ्या मुली, गच्चीवर वाळत घालायला आम्ही आणि लाट्या पळवायलाही आम्हीच. आमची तोंडं लाट्यांत गुंतू नयेत म्हणून आजी फर्मान सोडायची, "म्हणा रे, कच्चा पापड पक्का पापड!"

आठवतं ना? सगळ्यांच्या घरी हेच होतं. पहिल्या दोन खेपा ठणठणीत आणि तिसऱ्या खेपेला कोणीतरी "पच्चा कापड" म्हणायचं. मग हसण्याचा जो गलका उठायचा, त्यात लाटलेले पापडसुद्धा थरथरायचे.

पण आजी हसण्यावर थांबायची नाही. ती लाटणं खाली ठेवून विचारायची, "कापड कुठून आलं?" आणि तीच सांगायची. 'क' घशाशी जिभेच्या बुडाने होतो, 'प' दोन्ही ओठांनी. घाईत दोघं आपापली जागा बदलतात. शिवाय कापड हा आपल्या ओळखीचा शब्द, म्हणून जीभ त्याच्याकडे आपणहून घसरते. दुसरी चूक आमच्या लक्षातही यायची नाही. वेग वाढला की कच्चाचा "कचा" व्हायचा आणि पक्काचा "पका". आजीला तेवढं पुरायचं. "जोडाक्षर खाल्लंस. च्चवर जीभ टेकव, क्षणभर थांब, मग सोड." आम्ही कच्‌… चा, पक्‌… का असं म्हणायचो. जोडाक्षर शाबूत राहिलं की मगच वेग वाढवायची मुभा मिळायची.

आमच्या घरी परीक्षेची पद्धतही निराळी होती. आजोबांना कमी ऐकू यायचं. ते ओटीवर झोपाळ्यावर बसायचे. आम्ही माजघराच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून म्हणायचं, ओरडायचं मात्र नाही. आजोबांना शब्द कळला तर ते बोट वर करायचे, नाही कळला तर हात कानामागे जायचा. भराभर म्हणणाऱ्याचं आळीत कौतुक व्हायचं, पण आमच्या घरी बोट वर झालं तरच म्हणणं पास. मला अजूनही तीच कसोटी खरी वाटते.

खरा कस लागला तो धाकट्या भावाच्या वेळी. पाच सरून सहावं लागलं तरी तो "काले लाले गोले लाले" म्हणायचा. काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले. हे तुम्हांलाही पाठ असेल. आताच्या मुलांना राळे म्हणजे काय तेही सांगावं लागतं. आमच्याकडे भोगीला राळ्याचा भात असायचा, म्हणून ते बारीक दाणे सुपात पाहिलेले होते आणि काळ्यात गोरे मिसळले तर निवडताना काय हाल होतील हे डोळ्यांना दिसायचं. डोळ्यांपुढे चित्र असलं की शब्द तोंडात नीट बसतात.

आजीने त्याला ते सगळं म्हणायला दिलंच नाही. ती म्हणाली, "ज्याला ळ येत नाही त्याला राळे कुठले येणार?" हे तिचं म्हणणं फार मोलाचं. अशी वाक्यं आलेले उच्चार एकामागे एक गोंधळ न होता म्हणायला शिकवतात, न आलेला उच्चार ती शिकवत नाहीत. म्हणून आधी नुसतं बाळ, फळ, केळ. 'ल'ला जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकतं. 'ळ'ला ते टोक वर वळून मागे टाळूला लागतं आणि पुढे येऊन सुटतं. 'र'ला टोक वर एकदा निसटतं आपटतं. आजी आपलंच तोंड उघडून त्याला दाखवायची आणि तो तिच्या तोंडात डोकावून पाहायचा. आठेक दिवसांनी "फळ" स्वच्छ आलं, त्या दिवशी त्याच्या हातावर गुळाचा खडा पडला.

मग राळे. इथे आजीची युक्ती अशी की मधला स्वर ताणायचा, "राऽऽळे". 'र' वाजल्यावर जिभेला मागे वळायला सवड हवी, ती त्या लांबलेल्या 'आ'मध्ये मिळते. सावकाश म्हणायचं ते एवढ्यासाठी. नुसतं रेंगाळून उपयोग नाही, जिभेला पुढची जागा गाठायला वेळ मिळाला पाहिजे. पुढे स्वर हळूहळू आखडत न्यायचा, राऽळे, मग राळे. "गोरे राळे" म्हणताना दोन 'र' लागोपाठ येतात, तिथे दोन शब्दांमध्ये श्वासाएवढी फट ठेवायची. "राळ्यात" म्हणताना 'ळ्य'चा हटकून "ल्य" होतो, म्हणून तो शब्द वेगळा काढून दहादा.

आणि सगळ्यांत चिवट गाठ शेवटी, "मिसळले". बाकी सगळं बिनचूक म्हणणारे तिथे आपटतात, कारण 'ळ'ला लागूनच 'ल' आहे. मागे वळलेली जीभ तशीच पुढे दातांपाशी आणायची असते. घाई झाली की एक जण "मिसलले" म्हणतो, दुसरा "मिसळळे". आजीने त्याचे तुकडे पाडले, मि, सळ, ले. "सळ"वर थांबायचं, जीभ सोडायची, मग "ले". तीन दिवस भावाने जेवताना, अंघोळीला, झोपताना सळ-ले, सळ-ले एवढंच म्हटलं. मग मागून पुढे जोडत नेलं. आधी "मिसळले", मग "राळे मिसळले", मग "राळ्यात राळे मिसळले". ज्या शब्दावर अडेल त्याच्या एक शब्द मागे यायचं, पुन्हा पहिल्यापासून धावायचं नाही. रोज पाचच मिनिटं, कारण दमलेली जीभ चूकच पाठ करते, असं आजी म्हणायची.

नंतर इंदूरकडची वहिनी घरात आली, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच नवा धडा मिळाला. "चटईला टाचणी टोचली" हे तिने इतकं भरभर म्हटलं की आम्ही थक्क झालो, पण टाचणीतला आणि टोचलीतला 'च' तिने चिमणीतल्या 'च'सारखा केला. लिहिताना अक्षर एकच, म्हणून आम्हांला कधी वेगळं सांगावंच लागलं नव्हतं. आजीने तिला "आमचा, आमची" म्हणायला लावलं. आमचामधला 'च' दातांमागे, आमचीमधला टाळूशी. पुढे इ, ई किंवा ए आला की 'च' टाळूशी जातो. "चिंच" या एवढ्याशा शब्दात दोन्ही आहेत, पहिला टाळूचा आणि दुसरा दातांमागचा. पण नियमावर सगळं सोडता येत नाही. गुरांचा चारा दातांमागचा आणि मोजायचे चार टाळूचे, ते कानानेच शिकावं लागतं. वहिनीने चिंचा फोडता फोडता ते शिकून घेतलं. टाचणीची "चाचणी" मात्र घाईत आम्हा सगळ्यांचीच व्हायची. तोही ओळखीचाच शब्द, त्या कापडासारखा.

भावाला "काळे राळे" सलग जमायला पावसाळा लागला. आषाढातल्या एका संध्याकाळी दिवेलागणीला रामरक्षा झाल्यावर तो माजघराच्या टोकाला उभा राहिला आणि बेताच्या वेगाने तीनदा म्हणाला. बाहेर पागोळ्यांचा आवाज होता, तरी ओटीवर आजोबांचं बोट तिन्ही वेळा वर झालं.

आता त्याची मुलगी सहा वर्षांची आहे आणि परवा फोनवर ती मला "मिसलले" म्हणाली. मी तिला मि, सळ, ले असं तोडून दिलं आहे. तुमच्याही घरात असं कोणी असेल तर एवढंच करा. सावकाश म्हणायला सांगा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला घरातलं सर्वांत कमी ऐकू येणारं माणूस बसवा.