शिरूरच्या मैत्रिणीचं पहिलं पुस्तक

शिरूरच्या मैत्रिणीने पहिल्या कथासंग्रहाचं मुखपृष्ठ पाठवलं. कथा दौंड जंक्शनच्या. नुसतं ‘अभिनंदन’ लिहून मन भरेना. मग लिहिलं: ‘मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला जोडायचे, तो लांबलचक थांबा तुझ्या कथेत कसा येतो याची वाट पाहतेय. जागा तीच, पण खिडकीबाहेरचं सगळं उलटं धावू लागायचं. कॉर्ड लाइन झाल्यापासून कित्येक गाड्या जंक्शनात न शिरताच जातात. त्या थांब्यावर पोट असलेल्या चहावाल्याचं पुढे काय झालं, ते तुझ्याकडून वाचायचंय.’ कथानक मुद्दामच विचारलं नाही. ते पुस्तकातच उलगडू दे. तिचं उत्तर आलं, ‘चहावाला तिसऱ्या कथेत आहे.’ प्रत आजच सांगून ठेवली.