बॅटरी चांगली, बॅकअप नाही

"ताई, बॅटरी एकदम ओके आहे. तुम्हीच पंखे जास्त लावत असाल." सर्व्हिसवाल्याचं हे वाक्य आठवलं की आजही डोकं फिरतं. माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. कोणता पंखा किती वेळ चालतो हे मला झोपेतही सांगता येईल.

इन्व्हर्टर २४ व्होल्टचा. १२ व्होल्टच्या १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीचं प्लस दुसरीच्या मायनसला. पाचेक वर्षांनी एक गेली. डीलर म्हणाला, "दुसरी चालू आहे, कशाला फेकता? एकच बदला." नवी आली, त्याच कंपनीची, तेवढ्याच एएचची. वर्षभरात तीन तासांचा बॅकअप पाऊण तासावर आला.

नवी बॅटरी वॉरंटीत होती, म्हणून तीच नेली. त्यांनी रात्रभर चार्जिंगला लावली, लोड टेस्ट घेतली आणि "पास" असा शिक्का मारून परत पाठवली. थोडे दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. पुन्हा नेली, पुन्हा पास. आमच्याकडे तिला काय होतं आणि त्यांच्याकडे ती सुधारते कशी, हे विचारलं तर उत्तर एकच: तुमचा वापर. वर वॉरंटी कार्डाच्या मागच्या बारीक अक्षरांवर बोट: जुनी-नवी एकत्र जोडल्यास वॉरंटी नाही. जोडली कोणी? त्यांच्याच माणसाने!

कोडं सोडवलं शेजारच्या काकांनी. वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. चार्जिंग चालू असताना त्यांनी मल्टिमीटर दोन्ही टोकांना लावला: २८.६ व्होल्ट. अगदी हवा तेवढा. मी म्हटलं, मग सगळं ठीकच आहे की. काका म्हणाले, "थांब, आता एकेक बघू." जुनीवर १५.५, नवीवर १३.१.

सगळी गोम त्यातच होती. सिरीजमध्ये दोघींतून करंट सारखाच जातो आणि चार्जर बघतो फक्त बेरीज. जुनीची क्षमता उतरलेली, त्यामुळे ती लवकर भरते. भरल्यावर तिचा व्होल्टेज चढत जातो, पाणी उकळायला लागतं. बेरीज पुरी झाली की चार्जर हात आखडता घेतो आणि नवी अर्धवट भरलेलीच राहते. रोज असं झालं की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होत जातो. काकांनी हायड्रोमीटरने तिच्या ॲसिडची ग्रॅव्हिटी पाहिली: ११९०. अशी बॅटरी पूर्ण भरली असती तर १२४०च्या आसपास हवी होती. सर्व्हिसवाला तिला एकटीला भरायचा, म्हणून ती पास व्हायची. म्हणजे त्यांची टेस्ट खोटी नव्हती, हेच जास्त चिडवणारं.

वीज गेल्यावर उलटा प्रकार. पंखे-कॉम्प्युटर चालू ठेवून काका मोजत बसले. जुनी ९.९ वर घसरली तरी नवी १२.३ वर. बेरीज २२.२, आमच्या इन्व्हर्टरचा कट २१ ला, त्यामुळे जुनीला तो आणखी पिळतच राहिला. त्यात ती अजून खचते, दुसऱ्या दिवशी अजून लवकर "भरते" आणि नवी अजून उपाशी.

खूण मात्र डोळ्यांसमोरच होती. जुनीचा फ्लोट महिन्याभरात लाल व्हायचा, डिस्टिल्ड वॉटर तीच प्यायची. नवीला पाणी लागतच नव्हतं, आणि डीलर म्हणायचा, बघा किती चांगली आहे!

पॅरललमध्ये, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडल्यावर, चालतं असं काही जण सांगतात. तिथे दोघींचा व्होल्टेज एकच राहतो, त्यामुळे अशी ओढाताण कमी, हे खरं. पण जुनी आपोआप उतरत राहते आणि नवी तिला रात्रंदिवस पाजत बसते. जुनीचा एखादा सेल शॉर्ट झाला तर नवीतून तिच्यात मोठा करंट शिरून ती तापते. शिवाय २४ व्होल्टच्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या पॅरलल लावताच येत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच, की बिलावरच ठळक लिहा: बदलायच्या तर दोन्ही. आणि गिऱ्हाइकाने चार्जिंगच्या शेवटी प्रत्येक बॅटरी वेगळी मोजून घ्यावी. दोघींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक सतत दिसला तर गप्प बसू नये.

एवढं बोलते खरी, पण परवा नणंदेची एक बॅटरी पाचव्या महिन्यात गेली, तेव्हा मीच सांगितलं, एकच बदलून घे. दुसरी अजून नवीच होती, मॉडेल तेच, वॉरंटीत फुकट मिळत होती. जोडण्याआधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरून घ्यायला लावल्या. नवरा म्हणाला, "आता डीलरची भाषा तू बोलायला लागलीस." बोलू दे. तिचा मल्टिमीटर मात्र मी मागवून ठेवलाय.