तीनची गोळी, अडीचला

आईच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर औषधांचा तक्ता चिकटवलाय. नवीन सिस्टर येणार असल्या की आदल्या रात्री मी त्याचा फोटो काढून त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवते. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वेळा, सगळं त्यात दिसतं. तरी फोटोखाली मी एक चिठ्ठी लिहिते आणि ती तक्त्याहून लांब होते.

आई ८१ वर्षांची आहे. पार्किन्सन्समुळे तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. पहिल्या सिस्टरांना मी नुसता फोटो पाठवला होता. त्यात लिव्होडोपा-कार्बिडोपाच्या पुढे १-१-१-१ एवढंच होतं. त्यांनी सकाळची गोळी नाश्त्यासोबत, कपभर दुधाबरोबर दिली. साडेनऊला पाहते तर आईचा हात कोपरात सरळ होईना. कूस बदलायला आम्ही दोघी लागलो. सिस्टरांना काय बोल लावणार? किती तरी गोळ्या खाल्ल्यावरच द्यायच्या असतात. पण लिव्होडोपा ज्या वाटेने आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरतं, त्याच वाटेने दुधाडाळीतल्या प्रथिनांचे घटकही जातात. दोघं एकदम आले की गोळी मागे पडते.

तेव्हापासून चिठ्ठीची सुरुवात ठरलेली आहे: “सिस्टर, ही गोळी ७, ११, ३ आणि ७ ला. ‘सकाळ-दुपार’ असं नाही, घड्याळ बघून. खाण्याआधी अर्धा तास, पाण्याबरोबर. दूध, वरण, अंडं नंतर. एखादी राहून गेली तर पुढच्या वेळी दोन देऊ नका, मला फोन करा.”

गोळी देणं म्हणजे तोंडात ठेवणं नव्हे, हेही लिहावं लागतं. आईला गिळायला वेळ लागतो. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून तिला ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, चमच्याने थोडंच पाणी. मग टॉर्च लावून गाल बोटाने बाजूला करायचा. एकदा अकराची गोळी मला साडेबाराला सापडली. डावा गाल आणि हिरडी यांच्या मधे, कडा विरघळलेली, बाकी जशीच्या तशी. तक्त्यावर मात्र अकराच्या चौकोनात बरोबरची खूण होती.

रात्री दहाच्या गोळीला मी फोटोवरच लाल गोल करते. तिच्या नावापुढे ‘सीआर’ आहे. नाव जवळपास तेच, म्हणून दिवसाच्या गोळ्यांसारखी तीही कुटली जाते. दिवसाची साधी गोळी आयत्या वेळी पाण्यात विरघळवली तर चालते. रात्रीची सावकाश विरघळावी म्हणून केलेली असते. एका बदली सिस्टरांनी ती खलात बारीक केली. तासाभरात आईची मान आणि पाय आपोआप वळवळायला लागले, आणि पहाटे चारला ती लाकडासारखी आखडली. रात्रभराचं औषध एकदम अंगात गेलं आणि पहाटेसाठी काही उरलंच नाही. आता चिठ्ठीत एवढंच असतं: “कुटू नका. गिळता आली नाही तर थांबा, मला उठवा.”

तक्त्यात नसलेल्या एका औषधाबद्दलही लिहिते, कारण ते देऊ नये हे तक्त्यावरून कळणारच नाही. उलटी झाली की मेटोक्लोप्रमाइड देण्याची सवय बऱ्याच जणांच्या हातात असते. मेंदूत डोपामाइन जिथे काम करतं, तीच जागा ते अडवतं. पार्किन्सन्समध्ये ताठरपणा त्याने वाढतो. आणि लघवी किंवा लाळ गडद, लालसर-तपकिरी दिसली तर ती बहुधा लिव्होडोपामुळेच, हेही लिहून ठेवते. उशीच्या अभ्र्यावरचा डाग पाहून एका सिस्टरांनी रक्त समजून मला ऑफिसातून बोलावून घेतलं होतं. तरी डाग दिसला की मला फोटो पाठवा, असंच सांगते. नक्की काय ते घरबसल्या मी ठरवू नये.

आताच्या सिस्टरांनी पहिल्या आठवड्यात एका कागदावर रोजच्या नोंदी केल्या. दुपारी सव्वादोनला बोटं आखडतात, अडीचला पाय उचलत नाही, गोळी तीनला, सुटतं पावणेचारला. सहा दिवस जवळपास तेच. तो कागद मी डॉक्टरांना दाखवला. अकराच्या गोळीचा असर तीनपर्यंत टिकत नव्हता. त्यांनी तीनची गोळी अडीचवर आणली, संध्याकाळची साडेसहावर.

त्या संध्याकाळी मी तक्ता नव्याने लिहिला, कोपऱ्यात तारीख घातली आणि फोटो काढला. मग आम्ही दोघींनी आपापल्या फोनमधला जुना फोटो शोधून पुसला. सिस्टरांच्या फोनमध्ये तो दोन ठिकाणी होता.