मार्चअखेरची हळद

सांगलीच्या बाजारात नव्या हळदीची आवक हिवाळा सरताना सुरू होऊन मार्च-एप्रिलमध्ये भर धरते, आणि हळदीच्या व्यापाऱ्याचे हिशेबी वर्ष नेमके त्या भरात, ३१ मार्चला संपते. खरेदी जोरात चालू असते, गोदामात पोत्यांची थप्पी लागलेली असते, विकलेल्या मालाचे पैसे परगावच्या पेढ्यांकडून यायचे असतात, आणि तरीही त्या एका रात्री दुकानाच्या खतावणीतील काही खाती शून्यावर आणून बंद करावी लागतात. कोणती खाती बंद होतात आणि कोणती बाकीसह पुढे जातात, हे ठरवण्याची रीत सर्व धंद्यांना एकच असली, तरी हंगामाच्या मधोमध वर्ष तोडणाऱ्या या व्यापारात ती विशेष स्पष्ट दिसते.

खतावणीतील रोख, बँक, गोदाम, वजनकाटा, देणेकरी, घेणेकरी आणि भांडवल ही खाती एखाद्या विशिष्ट दिवशी काय आहे आणि कोणाचे किती आहे हे सांगतात. वर्ष बदलल्याने बँकेतील रक्कम नाहीशी होत नाही, म्हणून अशा खात्यांची बाकी तशीच पुढील वर्षी ओढली जाते आणि त्यांना स्थायी खाती म्हणतात. विक्री, खरेदी, अडत, हमाली, भाडे, पगार, व्याज ही खाती मात्र एका कालावधीत किती आले व किती गेले एवढेच मोजतात. कालावधी संपला की ती रिकामी करावी लागतात, नाहीतर पुढील वर्षाचे भाडे मागील भाड्यात मिसळून दोन्ही वर्षांचा नफा कळेनासा होतो. ही अस्थायी खाती होत. खरे तर अस्थायी खाते म्हणजे भांडवलाचाच वर्षापुरता वेगळा काढलेला भाग असतो, कारण प्रत्येक उत्पन्न मालकाचे भांडवल वाढवते आणि प्रत्येक खर्च ते घटवतो. ती वाढ-घट थेट भांडवलात लिहिली, तर ती कशामुळे झाली याचा माग राहत नाही, एवढ्यासाठीच हा मधला टप्पा असतो.

समजा, सांगलीतील एका व्यापाऱ्याकडे वर्षारंभी ६ लाख रुपयांची हळद शिल्लक होती, वर्षभरात ७० लाखांची खरेदी झाली, हमाली, तोलाई व बारदानावर २ लाख गेले आणि विक्री ६२ लाखांची झाली. वर्षअखेरीस विक्री खात्यावर ६२ लाखांची जमा बाकी असते; ती संपवण्यासाठी रोजकीर्दीत विक्री खाते नावे व व्यापार खाते जमा अशी नोंद केली जाते. उलट सुरुवातीची शिल्लक, खरेदी आणि हमाली-बारदान यांची नावे बाकी असल्याने व्यापार खाते ७८ लाखांनी नावे करून ती खाती त्या-त्या रकमेने जमा केली जातात. अशा प्रकारे खात्याच्या बाकीच्या उलट बाजूस तेवढीच रक्कम लिहून ते शून्यावर आणणाऱ्या नोंदींना अंतिम नोंदी म्हणतात.

एवढ्यावर थांबल्यास व्यापार खाते १६ लाखांचा तोटा दाखवील, जो मुळात झालेलाच नाही, कारण खरेदी केलेल्या हळदीपैकी २४ लाखांची हळद गोदामात पडून आहे. म्हणून अखेरचा साठा खाते नावे व व्यापार खाते जमा अशी आणखी एक नोंद होते आणि ८ लाखांचा ढोबळ नफा निघतो. ही नोंद इतरांहून निराळी आहे, कारण ती कोणतेही खाते बंद करत नाही. ती वर्षाच्या खरेदीतील न विकलेला भाग उचलून स्थायी खात्यात ठेवते, जो पुढील वर्षी सुरुवातीची शिल्लक म्हणून पुन्हा खर्चाच्या बाजूस येतो. साठ्याची किंमत खरेदीखर्च किंवा बाजारात मिळू शकणारा निव्वळ भाव यांपैकी जो कमी असेल त्याने धरतात. त्यात एक लाखाची चूक झाली, तर या वर्षीचा नफा एक लाखाने चुकतो आणि पुढील वर्षीचा तेवढ्याच रकमेने उलट दिशेने चुकतो.

दिवाळी पाडव्याला नवी वही घालणाऱ्या पेढ्यांचे जुने वर्ष हळदीला अधिक सोयीचे होते असे म्हणण्यास जागा आहे, कारण तोवर आवकेचा हंगाम उलटून बराच माल विकला गेलेला असे. आयकरासाठी सर्वांना ३१ मार्च हाच वर्षअखेरीचा दिवस १९८९-९० या आकारणी वर्षापासून लागू झाला. त्या संक्रमणात १९८७ च्या दिवाळीला सुरू झालेले वर्ष ३१ मार्च १९८९ पर्यंत, म्हणजे सुमारे १७ महिने लांबले, आणि एकाच नफा-तोटा खात्यात १९८८ चा पूर्ण हंगाम व १९८९ च्या हंगामाचा पहिला भाग एकत्र आला. असा नफा मागील वर्षाच्या नफ्याशी ताडून पाहणे अर्थातच व्यर्थ होते.

अंतिम नोंदी करण्यापूर्वी खर्च योग्य वर्षात बसवावे लागतात. दुकानाचे भाडे दरमहा १५,००० रुपये असून मार्चचे भाडे एप्रिलमध्ये दिले, तर भाडे खात्यावर ३१ मार्चला ११ महिन्यांचे १,६५,००० रुपयेच दिसतात. म्हणून भाडे खाते नावे व अदत्त भाडे खाते जमा अशी १५,००० रुपयांची नोंद आधी करून मगच १,८०,००० रुपये नफा-तोटा खात्यात नेले जातात. भाडे खाते शून्य होते, पण अदत्त भाडे हे देणे असल्याने पुढे जाते. पगाराचे ३,२०,००० व बँक व्याजाचे १,३०,००० रुपये असेच वळते करून आणि अडतीचे १,५०,००० रुपये जमेस धरून ढोबळ नफ्यातून ३,२०,००० रुपये निव्वळ नफा उरतो, जो भांडवल खात्यात जमा केला जातो. मालकाने घरखर्चासाठी केलेली २,४०,००० रुपयांची उचल हेही अस्थायी खातेच आहे, परंतु तो धंद्याचा खर्च नसल्याने ते नफा-तोटा खात्याकडे न जाता थेट भांडवलात बंद होते. मूळ २५ लाखांचे भांडवल त्यामुळे २५,८०,००० रुपयांवर येते.

सहकारी संस्थेत, मग ती साताऱ्यातील पतसंस्था असो वा कराड तालुक्यातील साखर कारखाना, शेवटची पायरी वेगळी असते, कारण तेथे नफा घेऊन जाणारा एक मालक नसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६६ नुसार निव्वळ नफ्याचा किमान एक चतुर्थांश भाग राखीव निधीत न्यावा लागतो आणि लाभांश वार्षिक सभेच्या मान्यतेनंतरच वाटता येतो. त्यामुळे उत्पन्न-खर्चाची खाती मार्चअखेर शून्य झाली, तरी नफ्याची बाकी सभेपर्यंत ताळेबंदात थांबून राहते.

सर्व नोंदी झाल्यावर पुन्हा एकदा तेरीज काढावी लागते, आणि तिच्यात विक्री, पगार वा अडत यांपैकी एकही नाव दिसले, तर काम अपुरे राहिले हे लगेच कळते. संगणकावरील हिशेबात ही पडताळणी सहसा वगळली जाते. टॅलीसारखी प्रणाली नव्या वर्षी उत्पन्न-खर्चाची खाती आपोआप शून्यापासून दाखवते; मात्र साठलेला नफा ती Profit & Loss A/c या शीर्षाखाली ठेवते, आणि तो भांडवलात नेण्याची नोंद वापरणाऱ्यालाच करावी लागते. भांडवल गटात उघडलेले उचल खातेही ती मिटवत नाही. १ एप्रिलला उचल खात्यावर मागील बाकी म्हणून २,४०,००० रुपये आणि भांडवल खात्यावर अजून २५ लाखच दिसत असतील, तर ताळेबंदाची बेरीज जुळत असूनही त्या दुकानाचे मागील वर्ष पुरते बंद झालेले नसते.