मुलाखतीनंतरचा मेल

स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला उन्हाळी इंटर्नशिप लागते. त्यासाठी पुण्यातल्या एका बांधकाम कंपनीत माझी मुलाखत झाली. काम होतं साइटवरच्या गुणवत्ता नियंत्रणाचं, म्हणजे काँक्रीटचे क्यूब भरणं, स्लम्प बघणं, रजिस्टर ठेवणं. मुलाखत संपवून स्वारगेटला कराडची एसटी पकडली आणि कोल्हापूरला एका कारखान्यात एचआरमध्ये असलेल्या माझ्या आतेबहिणीला फोन लावला. मुलाखत कशी झाली हे तिने विचारलं, पण त्याआधी म्हणाली, "उद्या सकाळपर्यंत त्यांना आभाराचा मेल टाक. आणि त्यात त्यांच्याशी जे बोलणं झालं त्यातली एक तरी नेमकी गोष्ट असू दे."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. कॉलेजात आम्ही अर्ज लिहितो. "महोदय, वरील विषयास अनुसरून" इथून सुरू होतो आणि "आपली विश्वासू" इथे संपतो. मुलाखत घेणाऱ्यांचे आभार कशासाठी मानायचे? त्यांचं ते कामच आहे. आणि मानले तर ती हांजी हांजी नाही का वाटणार? मी ताईला तसं विचारलंही.

तिचं उत्तर मला पटलं. मुलाखत घेणारा एका दिवसात सात-आठ मुलं बघतो. सगळ्यांची डिग्री तीच, विषय तेच, प्रोजेक्टही जवळपास तेच. तो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आपला शेरा लिहून एचआरकडे देतो. मेल त्याआधी पोचला तर त्याला पटकन आठवतं, अरे, ही ती मुलगी, जिच्याशी आपण अमुक गोष्टीवर बोललो. चार दिवसांनी पोचला तर शेरा लिहून झालेला असतो. म्हणून चोवीस तास. आणि नेमकी गोष्ट अशासाठी, की नुसत्या "आपल्या बहुमोल वेळेबद्दल धन्यवाद"मधून कोण बोलतंय हे कळतच नाही, तो मेल आठही जणांच्या नावाने चालला असता. पुढे तिने हेही स्पष्ट सांगितलं, "ज्याला घ्यायचं नाही असं ठरलंय, त्याला मेल वाचून कुणी घेत नाही. दोघांमध्ये अडलं असेल तर थोडं वजन पडतं, इतकंच."

बसमध्ये सातारा येईपर्यंत मी वहीत मुलाखतीत काय काय झालं ते आठवेल तसं उतरवलं. हे त्याच दिवशी केलं ते फार बरं झालं, कारण रात्री झोपून उठल्यावर प्रश्न आठवतात, पण समोरच्याचे शब्द आठवत नाहीत. यादी बरीच झाली. माझ्या प्रोजेक्टबद्दल मुलाखत घेणारे सर "छान" म्हणाले होते. स्टायपेंडचं बोलणं झालं होतं. कंपनीची एक मोठी इमारत बाणेरला चालू आहे, तिचा विषय निघाला होता. आणि क्यूबवर एक प्रश्न झाला होता.

यातलं कोणतं घ्यायचं, इथे मी पार गोंधळून गेले. सरांनी कौतुक केलं ते लिहावं असं पहिल्यांदा वाटलं. पण ते लिहिलं तर मेल माझ्याबद्दल होतो, त्यांच्याबद्दल नाही. बाणेरच्या इमारतीबद्दल लिहावं, तर ती माहिती त्यांच्या ग्राहकाची. मेल एकदा पाठवला की तो कुणाकुणाकडे पुढे जाईल हे आपल्या हातात नसतं, म्हणून साइटचं नाव आणि तिथले आकडे मेलमध्ये नकोतच. राहिला क्यूब.

तो प्रश्न असा होता. सर म्हणाले, "एम-25 चा क्यूब सात दिवसांनी तोडला. 18 न्यूटन आला. स्लॅबखालचे टेकू काढशील?" सात दिवसांत अठ्ठावीस दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश यायला हवी, म्हणजे साडेसोळाच्या आसपास, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, अठरा म्हणजे त्या हिशेबाने बरा आहे, पण मी आधी स्लॅबचा गाळा विचारीन. साडेचार मीटरपर्यंत गाळा असेल तर आयएस 456 प्रमाणे टेकूंना सात दिवस, त्याहून जास्त असेल तर चौदा. सरांनी मान हलवली आणि विचारलं, "बरं. हा क्यूब सात दिवस कुठे होता?"

"क्युरिंगच्या टाकीत."

"आणि स्लॅब?"

स्लॅब अर्थातच उघड्यावर. प्रयोगशाळेतला क्यूब 27 अंशांच्या आसपासच्या पाण्यात पूर्ण बुडालेला असतो. मे महिन्यातल्या स्लॅबवर गोणपाट टाकतात, सकाळी भिजवतात, आणि पाणी मारणारा माणूस दुपारी जेवायला गेला की ते कडकडीत वाळतं. सर म्हणाले, टाकीतला क्यूब आलेलं काँक्रीट कसं होतं ते सांगतो. स्लॅब आज कसा आहे ते तो सांगत नाही. ते बघायचं तर काही क्यूब स्लॅबशेजारीच ठेवायचे, त्याच उन्हात, त्याच गोणपाटाखाली. तीन वर्षं मी क्यूब तोडत आले, पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे मला त्या टेबलावर कळलं. म्हणून मेलमध्ये हाच मुद्दा घ्यायचा ठरवला. बोलणं ऐकून माझ्या डोक्यात खरोखर काही बदललं असा तोच एक मुद्दा होता.

घरी आल्यावर पहिला मसुदा लिहिला तो दीड पानी झाला. फ्लाय अॅशची रासायनिक क्रिया, तापमान, बाष्पीभवन, सगळं त्यात आलं. ताईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "ही उत्तरपत्रिका झाली. ते फोनवर उभ्या उभ्या वाचणार आहेत. स्क्रीन सरकवायला लागता कामा नये."

मग एकेक वाक्य कापत गेले. कापण्याआधी एक काम मात्र केलं, आयएस 456 उघडून मुदतीचं कलम पुन्हा वाचलं. 11.3.1. त्यात लिहिलंय की त्या मुदती साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी आहेत, आणि हवेचं तापमान 15 अंशांच्या खाली जात नसेल तेव्हाच्या. दुसरं सिमेंट असेल तर मुदत त्याप्रमाणे बदलायची. आपल्याकडे बहुतेक साइटवर पीपीसी असतं. त्यातली फ्लाय अॅश सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी हळूहळू क्रिया करते, त्यामुळे सुरुवातीची ताकद सावकाश येते. म्हणजे सरांच्या प्रश्नाला अजून एक पदर होता आणि तो मुलाखतीत निघाला नव्हता. मेलमध्ये एका वाक्यापुरता तो चालेल असं वाटलं. ज्या गोष्टीचा उल्लेख करायचा ती आधी पडताळून घ्यायलाच हवी, कारण वाचणारा त्यातलाच माणूस आहे. त्याने सांगितलेलं त्यालाच उलटं सांगितलं, तर त्यापेक्षा मेल न गेलेला बरा.

शेवटी गेला तो मेल इंग्रजीत होता, कंपनीचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीतच होता म्हणून. मराठीत तो असा:

"नमस्कार सर, काल साइट क्वालिटीच्या इंटर्नशिपसाठी माझी मुलाखत घेतलीत, त्याबद्दल आभार. टाकीतला क्यूब आणि स्लॅबशेजारचा क्यूब वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, हे तुम्ही सांगितलंत ते माझ्यासाठी नवीन होतं. घरी आल्यावर 456 मधलं 11.3.1 पुन्हा वाचलं. तिथल्या मुदती साध्या पोर्टलंड सिमेंटच्या आहेत, त्यामुळे पीपीसी असताना स्लॅबशेजारच्या क्यूबची गरज अधिकच जाणवते. हे काम साइटवर शिकायला मला आवडेल. काही कागदपत्रं हवी असतील तर कळवा."

खाली पूर्ण नाव, कॉलेज, फोन नंबर. निकाल कधी लागेल हे त्यात विचारलं नाही. एचआरने आठवड्याने कळवतो म्हणून सांगितलं होतं. तो आठवडा उलटला तर त्यासाठी वेगळा मेल. आभाराच्या आडून चौकशी केली की आभार खोटे वाटतात, हे माझं स्वतःचं मत आहे. बायोडेटाही पुन्हा जोडला नाही, तो त्यांच्याकडे आहेच.

पाठवायचा कुठे, हाही प्रश्न होताच. सरांनी कार्ड दिलं होतं, त्यावर पत्ता होता. पण मुलाखतीला एक मॅडमही होत्या, नियोजन विभागाच्या, त्यांचा पत्ता माझ्याकडे नव्हता. नावावरून कंपनीच्या पद्धतीचा पत्ता जुळवता आला असता, पण तो चुकून दुसऱ्याच कुणाला गेला असता. ताईने सुचवलं की मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलने आलं त्यालाच उत्तर दे, एचआरचे आभार मान आणि मॅडमसाठीचा मजकूर त्यांच्यापर्यंत पोचवायची विनंती कर. त्यात फायदा हाही की खाली जुना मेल असतो, कोणती जागा, कोणती तारीख, हे शोधावं लागत नाही.

मॅडमचा मजकूर वेगळा लिहिला. सरांचाच चिकटवला असता आणि दोघांनी एकमेकांना दाखवला असता, तर नेमकेपणा तिथेच संपला असता. शिवाय त्यांच्याशी बोलणं झालं होतं ते दुसरंच. काँक्रीटच्या गाडीबरोबर येणाऱ्या चलनावरचा नंबर आणि वेळ क्यूबच्या रजिस्टरमध्ये उतरवायची, आणि ती गाडी स्लॅबच्या कोणत्या भागात रिकामी झाली तेही लिहायचं. नाहीतर महिन्याने एखादा क्यूब कमी आला, तर शंका कोणत्या भागावर घ्यायची हे कुणालाच सांगता येत नाही. हे मी तीन वाक्यांत लिहिलं.

दोन्ही मेल सकाळी साडेनऊला, ऑफिस उघडायच्या सुमाराला पाठवले. पाठवण्याआधी नावांचं स्पेलिंग कार्डावरून आणि बोलावण्याच्या मेलवरून अक्षर अक्षर तपासलं.

एचआरकडून पोच आली. सरांचं उत्तर संध्याकाळी आलं, एका ओळीचं. 11.3.1 बरोबर, आता 15.3 वाच, एवढंच. निवडीबद्दल त्यात काही नव्हतं आणि हे लिहीपर्यंत ते कळलेलंही नाही. 15.3 मी लगेच उघडलं. अठ्ठावीस दिवसांसाठी दर नमुन्याचे तीन क्यूब, हे त्यातलं पहिलं वाक्य मला पाठ आहे. त्याच्या पुढच्याच वाक्यात लिहिलंय की सात दिवसांची ताकद किंवा सेंट्रिंग काढतेवेळची ताकद बघण्यासाठी जादा नमुने लागू शकतात. स्लॅबशेजारी ठेवायचे क्यूब हे त्या जादा नमुन्यांतले, म्हणजे काँक्रीट ओतायच्या दिवशीच ते वेगळे भरून, वेगळी खूण करून ठेवावे लागणार.